शेल की क्लस्टर? टाके खाली सोडायचे की वर भरायचे

माझी धाकटी जाऊ परवा बाळाचं क्रोशाचं दुपटं घेऊन आली, खालून छान रुंद आणि वर येता येता निमुळतं होत गेलेलं, आणि म्हणाली, "ताई, मी तर दर वेळी मोजून दोन टाके सोडले हो, तरी असं का झालं?" मी तिचा पॅटर्न बघितला तर तो क्लस्टरचा होता, आणि दोन टाके सोडायची सवय तिला लागली होती शेलची. दोन्ही डिझाईन फोटोत पंख्यासारखी दिसतात, दोन्हीत तीन किंवा पाच खांबांचा घोळका असतो, त्यामुळे ही गल्लत खूप जणींची होते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी शब्दांचं बघू, कारण घरोघरी वेगळी नावं आहेत. मी साखळी, मुका खांब आणि खांब हेच शब्द वापरणार आहे. मुका खांब म्हणजे अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे आणि खांब म्हणजे अमेरिकन डबल क्रोशे. ब्रिटिश पॅटर्न असेल तर तिथे आपल्या मुक्या खांबालाच डबल क्रोशे म्हणतात आणि खांबाला ट्रेबल, तेवढं पहिल्या पानावर बघून घ्या.

आता फरक. शेलमध्ये पाच खांब एकाच टाक्यात घालायचे असतात आणि प्रत्येक खांब पूर्ण करायचा असतो, म्हणजे खाली पाय एकच आणि वर डोकी पाच. क्लस्टर बरोबर उलटा. त्यात खांब वेगवेगळ्या टाक्यांत सुरू करायचे, पण पूर्ण करायचे नाहीत, प्रत्येकाची शेवटची आढी सुईवरच ठेवायची आणि शेवटी सगळ्यांना मिळून एकदाच बंद करायचं. साडीच्या निऱ्या डोळ्यासमोर आणा, कमरेशी सगळ्या एका ठिकाणी खोचलेल्या आणि खाली पसरलेल्या, तो झाला क्लस्टर. शेल म्हणजे उघडलेला जपानी पंखा, मूठ खाली आणि पात्या वर.

तीन खांबांचा क्लस्टर हातात कसा होतो ते सांगते. सुईवर दोरा घ्या, पहिल्या टाक्यात सुई घालून दोरा वर काढा, पुन्हा दोरा घेऊन दोन आढ्यांतून काढा आणि थांबा, आता सुईवर दोन आढ्या आहेत. हेच पुढच्या टाक्यात केलं की तीन होतात, तिसऱ्या टाक्यात केलं की चार. मग दोरा घेऊन चारही आढ्यांतून एका दमात बाहेर काढायचा. सुईवर चारऐवजी तीनच आढ्या दिसल्या तर एक खांब राहिलाय, तो तिथेच सापडतो, पुढे गेल्यावर नाही सापडत.

कड सरळ राहण्याचं सगळं गणित या पाय-डोकी हिशेबातच आहे. आधीच्या ओळीतले जेवढे टाके तुम्ही खाली वापरले, सोडलेले धरून, तेवढेच टाके वर तयार झाले पाहिजेत. शेलमध्ये एका टाक्यावर पाच उभे राहिले म्हणजे चार जास्त झाले, ते चार भरून काढायला आपण खाली टाके सोडतो, शेलच्या अलीकडे दोन आणि पलीकडे दोन. तीन खांबांच्या क्लस्टरमध्ये तीन टाक्यांचा एक झाला म्हणजे दोन कमी पडले, ते भरायला वर साखळ्या घालतो, क्लस्टरच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. म्हणजे शेलमध्ये खाली सोडायचं आणि क्लस्टरमध्ये वर भरायचं. क्लस्टरने खालचे तीन टाके स्वतःच खाल्लेले असतात, तिथे अजून सोडायला जायचं नाही.

आता जावेच्या दुपट्याचा हिशेब लावून बघा. तिच्याकडे ३५ खांबांची ओळ होती. दोन्ही कडांना एकेक साधा खांब, मध्ये ३३ टाके. पॅटर्नप्रमाणे ३३ टाक्यांवर ११ क्लस्टर यायला हवे होते, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक साखळी, म्हणजे दोन क्लस्टरांच्या मध्ये दोन साखळ्या आणि कडेपाशी एकच. मोजा, ११ क्लस्टर, २२ साखळ्या, कडेचे २ खांब, झाले ३५. तिने साखळ्या बरोबर घातल्या, पण प्रत्येक क्लस्टरनंतर खाली दोन टाकेही सोडले, त्यामुळे ११ ऐवजी ७ च क्लस्टर बसले. वर आले ७ क्लस्टर, मधल्या ६ जागांच्या १२ साखळ्या, कडेच्या २ साखळ्या आणि २ खांब, एकूण २३. एका ओळीत ३५ चे २३! तिच्या मधल्या दोन साखळ्या सोडलेल्या दोन टाक्यांची भरपाई करण्यातच संपल्या आणि क्लस्टरने खाल्लेल्या टाक्यांना काहीच उरलं नाही. मुद्दाम टाके सोडून जाळीदार करायचं असेल तर मध्ये चार साखळ्या लागतात, पण बाळाच्या दुपट्याला एवढी भोकं नकोतच, बोटं अडकतात.

तिला मी उसवून पुन्हा करायला लावलं, आणि ही ओळ एवढी सोपी आहे की तुम्हीही छोटा तुकडा करून बघा. ३७ साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब आणि मग प्रत्येक साखळीत एक, सुरुवातीच्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरायच्या, झाले ३५. काम फिरवा, ४ साखळ्या घाला, त्यातल्या तीन कडेचा खांब आणि चौथी क्लस्टरच्या अलीकडची साखळी. कडेचा टाका त्या तीन साखळ्यांनी झालाच, म्हणून तो सोडून पुढच्या तीन टाक्यांवर क्लस्टर, मग दोन साखळ्या, क्लस्टर, असं करत जा, शेवटच्या क्लस्टरनंतर एकच साखळी आणि शेवटचा खांब मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या डोक्यात. पुढची ओळ साध्या खांबांची, प्रत्येक साखळीत एक, प्रत्येक क्लस्टरच्या डोक्यात एक, पुन्हा ३५ आले की पुढे जा. एक मात्र बघा, काही पॅटर्नमध्ये क्लस्टर घट्ट राहावा म्हणून बंद केल्यावर एक जास्तीची साखळी सांगतात. ती क्लस्टरचं झाकण आहे, तिला वेगळा टाका धरून त्यात खांब घातलात तर एका ओळीत ११ टाके वाढतील आणि काम झालरीसारखं फुलेल.

शेलचं तसं नाही, तिथे मधला भाग सहसा चुकत नाही, चुकते ती कड. नेहमीच्या पाच खांबांच्या शेलला सहाच्या पटीत अधिक एक टाका लागतो. सहा शेल हवे असतील तर ३७ टाके, म्हणून ३८ साखळ्या घालायच्या, दुसऱ्या साखळीत मुका खांब, मग दोन सोडा, पुढच्या एकात पाच खांब, दोन सोडा, मुका खांब, असं शेवटपर्यंत. सहा शेल आणि सात मुके खांब, ३० अधिक ७, बरोबर ३७. दोनऐवजी एकच टाका सोडलात तर चार टाक्यांच्या जागेत सहा कोंबले जातात आणि काम लाटांसारखं होतं, तीन सोडलेत तर शेल ताणले जातात आणि तुकडा वाटीसारखा आत वळायला लागतो. असं काही दिसलं तर मोजण्याआधीच कारण कळतं.

दुसऱ्या ओळीत शेल मुक्या खांबावर येतो आणि मुका खांब शेलच्या मधल्या म्हणजे तिसऱ्या खांबावर. पण कडेला मुका खांब आहे, तिथे पूर्ण शेल घातला तर अर्धा बाहेर लटकेल, म्हणून तिथे अर्धा शेल, म्हणजे तीन खांब. सुरुवातीला तीन साखळ्या आणि त्याच टाक्यात दोन खांब, शेवटी शेवटच्या मुक्या खांबात तीन खांब. आता मोजलं तर दोन अर्धे शेल ६, मुके खांब ६, मधले पूर्ण शेल ५ म्हणजे २५, पुन्हा ३७. शेवटचा अर्धा शेल राहिला तर ३४ च भरतात आणि त्या बाजूची कड आत सरकते. हा टाका राहतो कारण शेवटचा मुका खांब पहिल्या ओळीतला पहिलाच असतो, छोटासा, शेलच्या मागे दडलेला, आणि हाताला वाटतं ओळ संपली. तिसऱ्या ओळीत तोच धोका दुसऱ्या टोकाला असतो, तिथला शेवटचा मुका खांब सुरुवातीच्या तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो आणि ते डोकं नीट दिसतच नाही. मी त्या तिसऱ्या साखळीत, घालतानाच, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवते, परत आल्यावर शोधावं लागत नाही. कड सैल लोंबत असेल तर तीनऐवजी दोनच साखळ्या घालून बघा, ज्यांचा हात सैल आहे त्यांना तेवढ्याच पुरतात.

एक तिसरं नावही मध्ये येऊन गोंधळ करतं, बॉबल. त्यात खांब शेलसारखे एकाच टाक्यात आणि क्लस्टरसारखे वर एकत्र बंद, पाय एक आणि डोकंही एक, त्यामुळे टाका वाढत नाही की घटत नाही, भरपाई लागत नाही. काही पॅटर्नवाले यालाच क्लस्टर म्हणतात. म्हणून नावावर जाऊ नका, सूचनेत "पुढच्या एका टाक्यात" आहे की "पुढच्या तीन टाक्यांवर" आहे तेवढं वाचा आणि त्याप्रमाणे हिशेब धरा.

आणि हे पटलं का ते बघायचं असेल तर कॅथरीन व्हील करून बघा, त्यात शेल आणि क्लस्टर एकमेकांवर बसून गोल चाक तयार होतं, दहाच्या पटीत अधिक सहा टाके लागतात. शेलच्या ओळीत सात खांबांचा शेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन टाके सोडलेले. क्लस्टरच्या ओळीत दोन खांब, तीन मुके खांब, दोन खांब अशा सात टाक्यांवर एक क्लस्टर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन साखळ्या. एकाने सहा वाढवले आणि खाली सहा सुटले, दुसऱ्याने सहा घटवले आणि वर सहा भरले. कडेला चाक अर्धंच येतं, म्हणून शेलच्या ओळीत तिथे चार खांब आणि क्लस्टरच्या ओळीत चार टाक्यांचा क्लस्टर. जावेने मागच्या आठवड्यात २६ टाक्यांचा तुकडा केला, दर ओळीला पेन्सिलने २६ लिहीत, आणि दोन्ही कडा पट्टी लावल्यासारख्या सरळ आल्या.