इंटर्नल ऑडिटर नेमायचाय? कोणाला लागतो, कोण चालतो, कागद कोणते, आणि तो नेमका बसतो कुठे

कंपन्यांच्या अकाउंट्स डिपार्टमेंटमधून हा प्रश्न दर एप्रिल-मे मध्ये येतोच, की आपल्याला इंटर्नल ऑडिटर लागू होतो का आणि होत असेल तर काय काय करायचं. नियम तसा सोपा आहे, पण नेमणुकीचे कागद करताना लोक एक गोष्ट सोडून देतात, ती म्हणजे हा माणूस कंपनीत कोणाच्या हाताखाली राहणार आणि कोणतं काम अजिबात करणार नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, म्हणून या दोन्ही गोष्टी इथे एकत्रच लिहितोय.

आधी लागू कोणाला ते बघू. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३८ आणि कंपनीज अकाउंट्स रूल्स २०१४ चा नियम १३, एवढंच वाचायचं. लिस्टेड कंपनी असेल तर लागूच. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर फक्त दोन कसोट्या, मागच्या आर्थिक वर्षात टर्नओव्हर २०० कोटी किंवा जास्त, नाहीतर बँक आणि वित्तीय संस्थांचं कर्ज मागच्या वर्षात एखाद्या दिवशी जरी १०० कोटींच्या वर गेलं असेल तरी. अनलिस्टेड पब्लिक कंपनीला या दोन आहेतच, शिवाय पेड-अप कॅपिटल ५० कोटी किंवा जास्त आणि डिपॉझिट्स २५ कोटी किंवा जास्त, यातलं एक जरी बसलं तरी लागू. बरेच जण कर्जाचा आकडा ३१ मार्चचा बघतात आणि चुकतात, नियमात "वर्षात कधीही" असं आहे, त्यामुळे डिसेंबरमध्ये कर्ज १०० कोटींच्या वर गेलं आणि मार्चला खाली आलं तरी तुम्ही सापडता.

कोण चालतो? सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट, प्रॅक्टिसमध्ये असो वा नसो, किंवा बोर्डाला योग्य वाटेल असा दुसरा प्रोफेशनल. कंपनीचा पगारी माणूस पण चालतो. चालत नाही तो तुमचा स्टॅट्युटरी ऑडिटर, कलम १४४ मध्ये ते स्पष्ट बंद केलंय. आणि टॅक्स ऑडिट ज्यांच्याकडे आहे त्यांनाच इंटर्नल ऑडिट द्यायचा विचार असेल तर तोही सोडा, आयसीएआय त्याला परवानगी देत नाही.

आता एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ, काल्पनिक आहे पण अशा कंपन्या चाकणला ढिगाने आहेत. प्रायव्हेट लिमिटेड, गाड्यांचे प्रेस पार्ट्स बनवते, मागच्या वर्षी टर्नओव्हर २१४ कोटी, बँकेचं कर्ज सगळ्यात जास्त होतं तेव्हा ६२ कोटी. कर्जाची कसोटी लागत नाही, टर्नओव्हरची लागते, म्हणजे इंटर्नल ऑडिटर हवाच.

कागद असे. ज्या फर्मला नेमायचं तिचं संमतीपत्र, त्यातच आपण स्टॅट्युटरी ऑडिटर नाही आणि कंपनीत आपला दुसरा कुठला इंटरेस्ट नाही असं लिहून घ्यायचं, ठरलेला फॉर्म नाही, लेटरहेडवर चालतं. मग बोर्ड मीटिंगची नोटीस आणि अजेंडा, आणि ठराव. हा ठराव मीटिंगमध्येच करावा लागतो, सर्क्युलर रेझोल्यूशन फिरवून सह्या घेतल्या तर चालत नाही, कारण कलम १७९ आणि त्याखालच्या नियमात इंटर्नल ऑडिटरची नेमणूक मीटिंगमध्ये करायच्या कामांत घातलीय. त्यानंतर नेमणूक पत्र आणि कामाची व्याप्ती सांगणारा कागद. प्रायव्हेट कंपनीला रजिस्ट्रारकडे काही भरायचं नाही. हीच कंपनी पब्लिक असती तर ठरावाच्या ३० दिवसांत MGT-14 भरावा लागला असता. स्टॅट्युटरी ऑडिटरसाठी ADT-1 भरतात तो इथे नाही, उगाच शोधत बसू नका. आणि नेमलाच नाही तर? कलम १३८ मध्ये वेगळा दंड नाही, म्हणून कलम ४५० लागतं, १०,००० रुपये आणि चूक चालू राहिली तर रोजचे १,००० रुपये, कंपनीला जास्तीत जास्त २ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५० हजार.

इथपर्यंतचं काम कुठलाही कंपनी सेक्रेटरी एका दिवसात करून देईल. खरा मुद्दा आहे तो व्याप्तीच्या कागदाचा. नियम १३ म्हणतो की व्याप्ती, पद्धत, किती दिवसांनी ऑडिट करायचं, हे ऑडिट कमिटीने किंवा बोर्डाने इंटर्नल ऑडिटरशी बोलून ठरवायचं. प्रत्यक्षात तो कागद सीएफओ लिहितो आणि त्यात पहिलीच ओळ असते, "पाच लाखांवरची सगळी व्हेंडर बिलं पेमेंटआधी इंटर्नल ऑडिट तपासेल". याला सगळे प्री-ऑडिट म्हणतात आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं, का ते समजायला थ्री लाइन्स मॉडेल बघावं लागतं.

हे मॉडेल इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्स या जागतिक संस्थेचं. २०१३ मध्ये त्यांनी ते "थ्री लाइन्स ऑफ डिफेन्स" नावाने मांडलं होतं, जुलै २०२० मध्ये सुधारून नुसतं थ्री लाइन्स मॉडेल केलं. पहिल्या लाइनमध्ये प्रत्यक्ष धंदा करणारे, म्हणजे खरेदी, स्टोअर्स, प्रॉडक्शन, सेल्स, आणि आपल्या कामातली रिस्क सांभाळायची जबाबदारी त्यांचीच. दुसऱ्या लाइनमध्ये रिस्क, कम्प्लायन्स, क्वालिटी, सेफ्टी, फायनान्शियल कंट्रोल असले लोक, जे पहिल्यांना मदत करतात, लक्ष ठेवतात, नियम घालून देतात आणि वेळ आली तर हटकतात. या दोन्ही लाइन मॅनेजमेंटच्याच, हे नीट लक्षात घ्या, रिस्क मॅनेजर कितीही कडक असला तरी तो एमडीच्या टीमचाच माणूस. तिसरी लाइन इंटर्नल ऑडिट, ती मॅनेजमेंटच्या बाहेर, आणि तिचं उत्तरदायित्व थेट बोर्डाला. या लाइन म्हणजे वेगवेगळी डिपार्टमेंट्सच पाहिजेत असं २०२० चं मॉडेल म्हणत नाही, त्या भूमिका आहेत. म्हणून आपल्या चाकणच्या कंपनीत रिस्क डिपार्टमेंटच नाही, फायनान्स कंट्रोलर आणि क्वालिटी हेड मिळून दुसऱ्या लाइनचं काम करतात, हे चालतं. पहिली-दुसरी एकमेकांत मिसळली तर एक वेळ निभतं, तिसरी मिसळली की ती तिसरी राहत नाही.

भंगाराचं घ्या, प्रेस शॉपमध्ये पैसा तिथेच गळतो. जूनमध्ये ४०० टन शीट वापरली, नॉर्म १२ टक्के, म्हणजे ४८ टन भंगार निघायला हवं. विक्रीच्या बिलांवर ४१ टन आहे, यार्डातला साठा २ टनांनी वाढला, म्हणजे ५ टनांचा हिशोब लागत नाही. किलोला ३५ रुपये धरले तर १ लाख ७५ हजार, एका महिन्याचे.

आता कोणी काय करायचं? काट्यावर वजन करून गेटपास बनवणं आणि फरक का पडला ते सांगणं हे स्टोअर्सचं, पहिली लाइन. दर महिन्याला नॉर्मशी ताळा करून एवढा फरक दिसला की लगेच विचारणं हे फायनान्स कंट्रोलरचं, दुसरी लाइन. इंटर्नल ऑडिटरचा प्रश्न वेगळा असतो, हा ताळा खरंच दर महिन्याला होतो का, की नुसतं शीट भरून ठेवलं जातं, एप्रिल आणि मे मध्ये पण फरक होता तर कंट्रोलरने विचारलं का, १२ टक्क्यांचा नॉर्म नवीन डाय आल्यावर बदलला का, काट्याच्या मशीनमधला रेकॉर्ड आणि छापलेली स्लिप एकच वजन दाखवतात का. म्हणजे तो भंगार मोजत नाही, भंगार मोजण्याची आणि त्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था चालते का ते तपासतो आणि बोर्डाला सांगतो.

समजा एमडी म्हणाले, चोरी होतेय, ऑडिटरच्या फर्ममधलाच एखादा मुलगा काट्यावर बसवा, प्रत्येक स्लिपवर त्याची सही घ्या. सहा महिने फरक कमी दिसेलही, पण आता ती सही हाच कंट्रोल झाला, ऑडिटर पहिल्या लाइनमध्ये जाऊन बसला, आणि उद्या त्या सहीतच गडबड निघाली तर तपासणार कोण? प्री-ऑडिटचंही अगदी हेच. बिल पास करणारा आणि बिल पास करण्याची पद्धत तपासणारा एकच, शिवाय खरेदीवाले निवांत होतात, ऑडिट बघेल की म्हणून. बिलं पेमेंटआधी तपासायची तर जरूर तपासा, पण त्यासाठी कंट्रोलरच्या हाताखाली माणूस द्या. आणि आधीच ऑडिटवाल्याला असं काम दिलं असेल तर ते काढून घेतल्यावरही १२ महिने त्याच माणसाने त्या कामाचं ऑडिट करायचं नाही, त्या जागतिक संस्थेच्या स्टँडर्ड्समध्येच तसं आहे.

स्वतंत्र म्हणजे फटकून राहायचं असा अर्थ मात्र नाही. ऑडिटरने कंट्रोलरचा ताळा बघावा, प्लॅन करताना क्वालिटी हेडला विचारावं, धंदा कुठे अडतोय ते एमडींकडून ऐकावं. फक्त काय तपासायचं, रिपोर्टमध्ये काय लिहायचं आणि फी किती, हे ज्यांचं ऑडिट होणार त्यांनी ठरवायचं नाही.

म्हणून ठरावात आणि नेमणूक पत्रात या गोष्टी शब्दात आणा: नेमणूक, फी आणि काढून टाकणं बोर्डच करेल, रिपोर्ट बोर्डाकडे थेट जाईल आणि सीएफओला त्याच वेळी प्रत मिळेल, कुठलाही रेकॉर्ड आणि कुठल्याही माणसापर्यंत ऑडिटर जाऊ शकेल, आणि बिल मंजुरी, स्टॉक ताब्यात ठेवणं, एसओपी मंजूर करणं ही कामं त्याला दिली जाणार नाहीत. रोजची सोय, म्हणजे बसायला जागा, सॉफ्टवेअरचा लॉगिन, हे सीएफओने बघितलं तर काही बिघडत नाही. लॉगिन मात्र फक्त बघण्याचा द्या, एंट्री करण्याचा नको.

प्रायव्हेट कंपनीत एक अडचण उरतेच, ती मान्य करायला हवी. लिस्टेड कंपनीत ऑडिट कमिटी असते, मुख्य इंटर्नल ऑडिटरला नेमणं-काढणं ती बघते. आपल्या उदाहरणात बोर्डावर दोघे भाऊ आणि त्यांचे वडील, आणि धंदाही तेच चालवतात, म्हणजे बोर्ड आणि मॅनेजमेंट एकच. इथे कागदाने पूर्ण स्वातंत्र्य येत नाही. निदान एवढं करता येतं की रिपोर्ट बोर्ड मीटिंगच्या अजेंड्यावर यावा, प्रत्येक मुद्द्यावर कोण काय करणार आणि कधीपर्यंत ते मिनिट्समध्ये लिहावं, आणि रोजच्या कामात नसलेला एक तरी डायरेक्टर घ्यावा ज्याच्याशी ऑडिटर बाकीचे नसताना बोलू शकेल. कारो २०२० हा ऑडिट रिपोर्टबद्दलचा सरकारी आदेश लागू असेल तर स्टॅट्युटरी ऑडिटरला त्याच्या रिपोर्टात लिहावंच लागतं, की कंपनीच्या आकाराला साजेशी इंटर्नल ऑडिट सिस्टिम आहे का आणि ते रिपोर्ट आपण विचारात घेतले का, त्यामुळे ही मिनिट्स आणि रिपोर्ट तो मागणारच.

तुमच्याकडचा ऑडिटर कुठे बसलाय हे ओळखायचं असेल तर मागचे चार रिपोर्ट काढा. ड्राफ्ट आणि फायनलमध्ये मुद्दे गळालेत का, गळाले असतील तर पुराव्यामुळे की कोणाच्या फोनमुळे, रिपोर्टात नुसत्या सुट्ट्या बिलांच्या चुका आहेत की ती चूक कंट्रोलरच्या नजरेतून कशी सुटली हेही आहे, आणि फायनान्स डिपार्टमेंटवर एक तरी मुद्दा आहे का ते बघा. चारही रिपोर्टांत फायनान्सवर काहीच नसेल आणि फीचं बिल सीएफओ एकटा पास करत असेल, तर पुढच्या बोर्ड मीटिंगच्या अजेंड्यात व्याप्तीचा कागद नव्याने घ्या.