वेगळ्या सबस्ट्रिंग मोजण्याची पद्धत कशी घडली

एखाद्या स्ट्रिंगमध्ये वेगवेगळ्या सबस्ट्रिंग किती, याचं उत्तर १९७३ सालीच हाताशी आलं होतं. पीटर वायनर यांनी त्या वर्षी सफिक्स ट्री मांडला. सफिक्स म्हणजे कुठल्याही अक्षरापासून स्ट्रिंगच्या शेवटापर्यंतचा तुकडा, आणि या ट्रीत असे सगळे तुकडे फांद्यांवर लिहिलेले असतात, सामाईक सुरुवात एकदाच. ट्रीच्या सगळ्या फांद्यांवरच्या अक्षरांची संख्या मिळवली की उत्तर तयार! अडचण मेमरीची होती, कारण प्रत्येक नोडसोबत पॉइंटर सांभाळावे लागत.

उदी मॅन्बर आणि जीन मायर्स यांनी १९९० मध्ये ट्री बाजूला ठेवला आणि फक्त क्रमाने लावलेल्या सफिक्सची यादी घेतली. हाच सफिक्स ॲरे. त्याला ट्रीपेक्षा तीन ते पाच पट कमी जागा लागते, असं त्यांनी नोंदवलं. पण फांद्या गेल्या, मग मोजायचं कशावरून?

`कटकट` घ्या. सफिक्स क्रमाने लावले की कट, कटकट, ट, टकट असे येतात. प्रत्येक सबस्ट्रिंग कुठल्या तरी सफिक्सची सुरुवात असते, म्हणून लांबींची बेरीज २+४+१+३ = १०. यातली पुनरावृत्ती वजा करायची. कटकटची पहिली दोन अक्षरं आधीच्या कटमध्ये येऊन गेली, टकटचं एक अक्षर ट मध्ये. १० − ३ = ७. हातानेही मोजा: क, ट, कट, टक, कटक, टकट, कटकट.

फक्त लगतच्या शेजाऱ्याकडे पाहून कसं भागतं? एकाच सुरुवातीचे सफिक्स क्रमवारीत सलग बसतात. त्यामुळे वर कुठेही येऊन गेलेली सुरुवात लगेच वरच्या सफिक्समध्ये असतेच. म्हणून सूत्र इतकंच:

```
n(n+1)/2 - sum(LCP)
```

n म्हणजे स्ट्रिंगमधल्या अक्षरांची संख्या, आणि LCP म्हणजे शेजाऱ्यांच्या सामाईक सुरुवातीची लांबी. ती शेजाऱ्यांची अक्षरं पहिल्यापासून ताडून काढली, तर सगळी अक्षरं सारखी असलेल्या स्ट्रिंगवर सुमारे n²/2 तुलना होतात. मॅन्बर आणि मायर्स यांच्या पद्धतीत ही लांबी सॉर्टिंगच्या ओघातच निघे. तयार ॲरेवरून ती रेषीय वेळात काढण्याची सोपी रीत कासाई आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दिली, आणि माझ्या मते या कथेतली सर्वात देखणी कल्पना तीच. सफिक्स मूळ स्ट्रिंगच्या क्रमाने घ्यायचे. कटकटची लांबी २ निघाली. तिचं आणि तिच्या शेजाऱ्याचं पहिलं अक्षर काढलं तरी उरलेले भाग एका अक्षरापुरते जुळतातच. म्हणून पुढच्या टकटची लांबी किमान १, तुलना तिथूनच सुरू. लांबी एका पावलात एकापेक्षा जास्त घटत नाही, त्यामुळे एकूण काम n च्या प्रमाणातच राहतं. यादीतल्या पहिल्या सफिक्सला वरचा शेजारी नसतो, तिथे मोजणी शून्य करायला विसरू नये.

सर्वाधिक सापडणारी चूक मात्र साध्या गुणाकारात असते. n = १,००,००० असताना n(n+1)/2 हे ५,००,००,५०,००० होतं आणि ३२ बिटांत मावत नाही. छोट्या चाचण्या बरोबर आणि मोठीचं उत्तर ऋण किंवा भलतंच लहान दिसलं, तर आधी तिथेच पाहावं.