सव्वा, पाऊण, साडे : मराठीतील अपूर्णांकवाचक शब्द

मराठीत पूर्णांकाच्या पुढची-मागची पाव आणि अर्धी मात्रा शब्दानेच सांगतात. पाव म्हणजे ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५, सव्वा १.२५ आणि दीड १.५. त्यापुढे पावणेदोन (१.७५), सव्वादोन, अडीच, पावणेतीन, सव्वातीन, साडेतीन असा क्रम लागतो.

‘सव्वा’ संस्कृत सपाद, म्हणजे पावासह. ‘साडे’ सार्ध, म्हणजे अर्ध्यासह. हे दोन्ही बेरीज करतात. ‘पाऊण’ मात्र पादोन, म्हणजे पावाने उणा. म्हणून पावणेपाच हे पाचच्या अलीकडचे, ४.७५. एकोणीसमधला ‘ऊन’ इथेही आहे.

साडेएक, साडेदोन होत नाही, कारण दीड आणि अडीच जुन्या, वेगळ्या हिशेबाचे आहेत. अडीचच्या मुळाशी अर्धतृतीय आहे: दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. दीडच्या मुळाशी तसाच ‘दुसरा अर्धा’. साडेतीनसाठीही असा शब्द होता, औट (अर्धचतुर्थ). तो ‘औट हात देह’ या प्रयोगात आणि औटकीच्या पाढ्यात राहिला. बोलण्यात साडेतीन आले आणि तिथून पुढे साडेचार, साडेपाच असा नियम सरळ चालतो.

नवशिक्याची चूक बहुधा शे, हजार, लाख जोडल्यावर होते. पावणेदोनशे म्हणजे किती? दोनशेचा पाव पन्नास, तो वजा केला की दीडशे, असा हिशेब मांडला तर तो चुकतो. पाव काढायचा तो शंभराचा: २०० मधून २५ गेले, १७५ राहिले. आधी १.७५ करून मग शंभराने गुणा, उत्तर तेच येते. याच रीतीने साडेतीनशे ३५० होतात, ३००.५ नव्हे. साडेबाराशे आणि सव्वा हजार दोन्ही १२५०, कारण पहिल्यात एकक शे आहे, दुसऱ्यात हजार. मागे आकडा नसला तर एक धरलेला असतो: सव्वाशे १२५, दीडशे १५०, पाऊणशे मात्र ७५.

घड्याळात हाच नियम आहे, फक्त एकक तास. पाऊण वाजता म्हणजे १२:४५ (पावणेएकही म्हणतात), सव्वा वाजता १:१५, दीड वाजता १:३०. साडेबारा आहे, पण ‘अर्धा वाजला’ कोणी म्हणत नाही.

वचनातही एक खाच आहे. ‘दीड तास लागला’, पण ‘पावणेदोन तास लागले’. दोन्ही वेळा दोनहून कमीच. तरी कानाला ‘दोन’ ऐकू आले की क्रियापद अनेकवचनी होते. सव्वा रुपया, दीड रुपया एकवचनी राहतात. सव्वा रुपयाचा नेम आण्यांच्या काळातही सोपा होता: रुपयाचे सोळा आणे, त्यांचा पाव चार, म्हणजे एक रुपया चार आणे.