सिझरच्या टाक्यांचा फोटो: भरतानाची लाली की इन्फेक्शनची?

सिझर होऊन घरी आलेल्या बाईच्या टाक्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि खाली एकच प्रश्न असतो, "हे लाल दिसतंय, नॉर्मल आहे ना?" एकट्या फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, कारण भरणारी जखमही लाल होते आणि बिघडलेलीही. फरक कळतो तो लाली कुठपर्यंत आहे आणि काल-परवापेक्षा वाढतेय की कमी होतेय यावरून.

कापलेल्या जागी शरीर रक्तपुरवठा वाढवतं, पेशी तिथे जमतात, म्हणून पहिले तीन-चार दिवस टाक्यांच्या रेषेलगत थोडी लाली आणि सूज असणारच. ही लाली रेषेला चिकटून असते, दोन्ही बाजूंना सारखी दिसते आणि दिवसागणिक फिकट होत जाते. इन्फेक्शनची लाली रेषा सोडून बाहेर पसरते, बऱ्याचदा एकाच टोकाला जास्त असते, कडा अस्पष्ट असतात, आणि ती साधारण चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, म्हणजे दुखणं खरं तर कमी व्हायला हवं तेव्हा वर येते. बाळंतीण आदल्या दिवशी आरामात उठत होती आणि आज पोटाला हात लावू देत नाही, असं झालं तर मला फोटोपेक्षा ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

समजा तिसऱ्या दिवशीच्या फोटोत रेषेभोवती अर्धा सेंटीमीटर गुलाबी पट्टा आहे, टाके कोरडे आहेत आणि ताप नाही, तर नुसतं लक्ष ठेवायचं. सहाव्या दिवशी त्याच पोटाच्या फोटोत उजव्या टोकाला लाली तीन सेंटीमीटरपर्यंत गेलीय, तिथली त्वचा ताणलेली आणि चकचकीत दिसतेय, हात लावला तर गरम आणि कडक लागतंय, तर आता दुसऱ्या फोटोची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आधी लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ मारून वेळ लिहून ठेवली असेल तर काही तासांनी लाली रेघेबाहेर गेली की नाही हे डोळ्यांना लगेच दिसतं, आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही. पण रेघ मारली म्हणून दाखवायला उशीर करू नका.

सावळ्या त्वचेवर लाली लालच दिसेल असं नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती आजूबाजूपेक्षा गडद दिसते, आणि फ्लॅश मारला की तीही पुसली जाते, म्हणून खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, ब्यूटी फिल्टर बंद करून, रोज तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा आणि शेजारी पट्टी किंवा एखादं नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. एक फोटो जवळून आणि एक पूर्ण खालच्या पोटाचा. पोट खाली लोंबत असेल तर घडी हलक्या हाताने वर धरून काढा, कारण घाम साचून जखम बिघडायला तिथेच सुरुवात होते आणि उभ्याने काढलेल्या फोटोत नेमका तोच भाग लपतो.

आता स्त्रावाकडे येऊ. सुरुवातीला कापडावर पातळ, पिवळसर किंवा फिकट गुलाबी पाण्याचा छोटा डाग पडतो, तो कमी होत जातो आणि त्याला वास नसतो. पू घट्ट, गढूळ, पिवळा-हिरवट असतो, वास येतो आणि डाग रोज मोठा होतो. फोटोत बीटाडिनचा सुकलेला तपकिरी-पिवळा थर किंवा वर लावलेली हळद हुबेहूब पुवासारखी दिसते, म्हणून हळद लावूच नका आणि डागाच्या कापडाचाही फोटो पाठवा. आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे चिकटपट्टीची ॲलर्जी, तिथे लाली अगदी पट्टीच्या आकाराची चौकोनी असते, दुखण्यापेक्षा खाज जास्त येते आणि टाक्यांची रेषा मात्र शांत असते.

वास, उष्णता, कडकपणा आणि ताप फोटोत येत नाहीत, म्हणून फोटोसोबत ऑपरेशनला किती दिवस झाले, ताप किती आहे आणि पॅरासिटामॉल कधी घेतली ते लिहा, कारण गोळीने ताप झाकला जातो. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर जखम फोटोत कितीही छान दिसू दे, दाखवायलाच हवं.

आणि या दोन गोष्टींसाठी फोटो काढत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. एक, अचानक भळाभळा गुलाबी पाणी येऊन कपडे भिजले किंवा टाके उघडले, कारण आतला थर सुटला असू शकतो. दुसरं, पहिल्या एक-दोन दिवसांतच, वरून फारसं काही दिसत नसताना असह्य दुखतंय, किंवा त्वचा काळी-निळी पडतेय, फोड येताहेत, दाबलं तर कुरकुर लागतंय. असं इन्फेक्शन क्वचितच होतं, पण ते काही तासांत पसरतं.