गुन्हा दाखल असणं आणि खटला प्रलंबित असणं: फॉर्मवर कुठे ‘होय’, कुठे ‘नाही’

‘माझ्यावर केस आहे, फॉर्मवर काय लिहू?’ असं कुणी विचारलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो सरळ ‘नाही’ लिही, दुसरा म्हणतो ‘लागू नाही’ लिही, तिसरा म्हणतो रकाना कोराच सोड. केस नेमकी कुठे आहे, पोलीस ठाण्यात की कोर्टात, हे मात्र कुणी विचारत नाही. उत्तर त्यावरच ठरतं.

शिक्षेच्या प्रश्नावर फार वेळ घालवायला नको. कोर्टाने दोषी ठरवलं असेल तर ‘होय’. जुगाराच्या केसमध्ये गुन्हा कबूल करून पाचशे रुपये दंड भरून मोकळे झालात, तरी ती दोषसिद्धीच. ‘तुरुंगात गेलो नाही, मग शिक्षा कुठे झाली?’ हा बचाव चालत नाही.

खरा घोळ होतो तो पुढच्या दोन प्रश्नांत. ठाण्यात फिर्याद नोंदवली की गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, म्हणजे गुन्हा दाखल झाला. तिथून पुढे तपास चालतो. तपास संपून दोषारोपपत्र कोर्टात गेलं आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याची दखल घेतली, की कोर्टाचा स्वतंत्र केस नंबर पडतो. तिथून खटला प्रलंबित. या दोन टप्प्यांमध्ये काही महिने जातात, कधी कधी वर्षंही. त्या काळात ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का?’ याचं उत्तर ‘होय’ आणि ‘न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित आहे का?’ याचं उत्तर ‘नाही’. दोन्ही उत्तरं खरी आहेत.

पासपोर्टचा अर्ज हे याचं चांगलं उदाहरण. पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 6(2)(फ) मध्ये फौजदारी न्यायालयापुढे प्रलंबित असलेल्या कार्यवाहीचा उल्लेख आहे. नुसता एफआयआर आणि चालू तपास त्यात बसत नाही, कोर्टाने दखल घेतलेली असावी लागते. म्हणून त्या प्रश्नाला ‘नाही’ लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं असं होत नाही. पण हेच ‘नाही’ भरतीच्या साक्षांकन नमुन्यात डोळे झाकून उतरवलं की फसलात. केंद्र सरकारच्या नमुन्यात कधी अटक झाली होती का, कधी खटला चालला होता का, कोर्टाने दंड केला होता का, दोषी ठरवलं होतं का, आणि आज खटला प्रलंबित आहे का, असे वेगवेगळे प्रश्न असतात. त्यातले बहुतेक ‘कधी’ या शब्दाचे आहेत, एकच ‘आज’चा. निर्दोष सुटलेली माणसं इथेच घसरतात. सुटका झाली म्हणून प्रलंबित खटल्याचं उत्तर ‘नाही’ हे बरोबर, पण अटक आणि खटला कधी काळी झाला होता, ते उत्तर ‘होय’च राहतं. तडजोडीने मिटलेल्या केसचंही तसंच.

उलटा सापळाही आहे आणि तो कमी लोकांना माहीत असतो. चेक न वटल्याची केस (परक्राम्य संलेख अधिनियम, कलम 138) थेट कोर्टात खासगी फिर्यादीने दाखल होते. ठाण्यात काहीच नोंद नसते. माणूस म्हणतो, ‘माझ्यावर एकही गुन्हा दाखल नाही.’ बरोबर आहे. पण कोर्टाचं समन्स निघालं असेल तर फौजदारी खटला प्रलंबित आहे, आणि तिथे ‘होय’च लिहावं लागतं.

अटकेबद्दल एक गोष्ट. लॉकअपमध्ये बसवलं नाही म्हणजे अटक झाली नाही, असं नसतं. ठाण्यातच अटक दाखवून तासाभरात जामिनावर सोडलं, तरी ती अटक. मात्र फक्त हजर राहण्याची नोटीस दिली (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 41अ, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 35(3)) आणि जबाब घेऊन परत पाठवलं, तर अटक नाही. घरातले कागद काढा आणि जामीनपत्र आहे की नोटीस ते बघा.

एक उदाहरण घेऊ. बांधावरून मारामारी झाली, 2022 मध्ये भा.दं.वि. कलम 324, 504, 506, 34 खाली गुन्हा दाखल झाला, नोटीस देऊन सोडलं. आता भरतीचा नमुना हातात आहे. आधी services.ecourts.gov.in वर जाऊन केस स्टेटसमध्ये एफआयआर नंबरचा पर्याय निवडा. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल, पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष भरा. प्रलंबित आणि निकाली, दोन्ही तपासा. केस सापडली तर सोळा अक्षरी सीएनआर नंबर, टप्पा आणि पुढची तारीख तिथेच मिळते. काहीच सापडलं नाही तर लगेच ‘नाही’ लिहू नका. कोर्टात नोंद चढायला वेळ लागतो आणि ठाण्याचं नावही चुकीचं निवडलं जाऊ शकतं. तपास अधिकाऱ्याला दोषारोपपत्र पाठवलं का ते विचारा. ‘बी समरी टाकली’, म्हणजे फिर्यादच खोटी असल्याचा अहवाल कोर्टाला पाठवला, असं उत्तर मिळालं, तरी ती कोर्टाने मंजूर केली का हा पुढचा प्रश्न. मंजुरीची नक्कल हातात नाही, तोवर प्रकरण संपलेलं नाही.

दोषारोपपत्र गेलं असेल तर उत्तर असं: ‘होय. अमुक पोलीस ठाणे, गु.र.नं. अमुक/2022, भा.दं.वि. कलम 324, 504, 506, 34. अमुक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय, केस क्र. अमुक, साक्षीपुराव्यासाठी प्रलंबित. अटक नाही, नोटीसीवर हजर.’ एवढंच. ‘खोट्या केसमध्ये अडकवलं’ हे या रकान्यात लिहू नका. तो युक्तिवाद झाला, माहिती नव्हे.

हे लपवून काय मिळतं? चारित्र्य पडताळणी ठाण्याच्या नोंदींवरूनच होते. तुम्ही लिहा किंवा लिहू नका, तो गुन्हा अहवालात येण्याचीच शक्यता जास्त. मग किरकोळ केसपेक्षा लपवणंच जड जातं. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याची चौकट घालून दिली: माहिती खरीच हवी, केस किरकोळ असेल तर मालक ती लपवल्याकडे दुर्लक्ष करू शकतो, पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी असंही नाही. आणि नमुन्यात जे नेमकं विचारलं आहे तेवढंच सांगणं बंधनकारक. म्हणून फक्त ‘शिक्षा झाली आहे का’ एवढंच विचारणाऱ्या खासगी कंपनीच्या फॉर्मवर प्रलंबित केसची कुंडली मांडायची गरज नाही. तिथे ‘नाही’ हे प्रामाणिक उत्तर आहे.

सायबर कॅफेवाला सगळ्या प्रश्नांपुढे धडाधड ‘नाही’वर टिक करत जातो आणि खाली सही तुमची असते. ऑनलाइन अर्ज असेल तर सबमिट करण्याआधी ते पान स्वतः वाचा आणि प्रिंट ठेवा.

फॉर्म दिल्यावर दोषारोपपत्र दाखल झालं किंवा नवा गुन्हा नोंदला गेला, तर नियुक्ती अधिकाऱ्याला लगेच लेखी कळवा. साक्षांकन नमुन्याच्या वरच्या सूचनांमध्ये ही अट असते, फक्त ती कुणी वाचत नाही. पत्र टपालाने पाठवायचं तर पोच घ्या, कार्यालयात द्यायचं तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या.