वृक्षरचनेचे सिंक : पालक बदललेला नोड

एका प्रणालीतली झाडासारखी रचना, म्हणजे वस्तूंचे वर्ग, कंपनीतले विभाग किंवा राज्य–जिल्हा–तालुका–गाव अशी उतरंड, ठरावीक वेळाने दुसऱ्या प्रणालीत जशीच्या तशी उतरवणे म्हणजे वृक्षरचनेचे सिंक. अशा रचनेत प्रत्येक नोडला स्वतःचा कोड असतो आणि आपल्या वरच्या नोडचा, म्हणजे पालकाचा कोड असतो. नवा नोड आला किंवा एखाद्याचे नाव बदलले, तर काम सोपे असते. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात एखादा नोड जुन्या पालकाकडून नव्या पालकाकडे गेला की अडचणी सुरू होतात. पालकाचा एकच रकाना बदलतो, पण त्या नोडखालच्या सगळ्या फांदीची जागा बदलते.

महाराष्ट्रातले याचे ठळक उदाहरण पालघरचे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातला ३६वा जिल्हा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे आठ तालुके त्यात गेले, तर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. जिल्हा–तालुक्यांची यादी मूळ यंत्रणेकडून घेणाऱ्या कोणत्याही प्रणालीच्या दृष्टीने हा बदल फक्त नऊ ओळींचा आहे : एक नवा जिल्हा आणि पालक बदललेले आठ तालुके. गावांच्या ओळींना कोणी हातही लावलेला नाही.

ओळख कशावर ठरते

सिंक नीट होणार की बिघडणार, हे बहुतांशी एका प्रश्नावर ठरते : मागच्या फेरीतला वाडा आणि या फेरीतला वाडा एकच आहे, हे प्रोग्रॅम कशावरून ओळखतो? ‘महाराष्ट्र/ठाणे/वाडा’ हा पूर्ण मार्गच ओळख म्हणून वापरला असेल, तर नव्या फेरीत तो मार्ग सापडत नाही आणि ‘महाराष्ट्र/पालघर/वाडा’ हा अनोळखी मार्ग दिसतो. प्रोग्रॅम पहिला काढून टाकतो आणि दुसरा नवा म्हणून घालतो. यादी बरोबर दिसते, पण जुन्या नोडला जोडलेले अर्ज, खाती आणि परवानग्या त्याच्याबरोबर जातात किंवा निराधार होतात. तालुक्याखालच्या प्रत्येक गावाचेही तेच होते.

नुसत्या नावावर जुळवणी करणे त्याहून धोक्याचे आहे. विभाजनाआधी ‘पालघर’ नावाचा तालुका होता. नंतर त्याच नावाचा जिल्हाही झाला. नाव पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ठाण्याखालचा पालघर थेट महाराष्ट्राखाली सरकल्यासारखा वाटतो. मग तालुक्याची गावे एका झटक्यात जिल्ह्याला चिकटतात.

म्हणून ओळखीचा कोड असा हवा, ज्यात जागा दडलेली नाही. भारताच्या जनगणनेत हा फरक स्पष्ट दिसतो. २००१च्या जनगणनेतला गावाचा स्थान-कोड १६ अंकी होता आणि त्यात राज्य व जिल्ह्याचे अंक गुंफलेले होते. जिल्हा बदलला की असा कोड खोटा ठरतो. २०११मध्ये गावाला सहा अंकी कोड मिळाला, जो जिल्ह्याच्या आधाराशिवायही देशभर एकमेव असतो. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले कोडही एकमेव असतात. कंपन्यांच्या बाबतीत ॲक्टिव्ह डिरेक्टरीची रचना याच विचाराची आहे : एखादा विभाग हलवला की नोंदीचा पूर्ण मार्ग बदलतो, पण `objectGUID` तोच राहतो. सिंक त्यावरच बांधावे.

ओळख चुकली आहे का, हे फेरीच्या हिशेबावरून लगेच कळते. पालघरसाठी हिशेब असा यायला हवा : नवे १, हलवलेले ८, काढलेले ०. त्याऐवजी काढलेले आणि नवे यांचे आकडे शेकड्यांत आणि जवळपास सारखेच आले, तर समजावे की स्थलांतराला प्रोग्रॅम मृत्यू आणि जन्म समजतो आहे. हे तीन आकडे लिहिण्याआधी मोजणे आणि काढण्याचा आकडा ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर फेरी थांबवणे, हा माझ्या मते या कामातला सर्वांत स्वस्त आणि उपयोगी पहारा आहे.

न बदललेली, तरी चुकलेली ओळ

बहुतेक सिंक दर वेळी सगळी यादी आणत नाहीत. `updated_at` पाहून मागच्या फेरीनंतर बदललेल्याच ओळी आणतात. वाड्याची ओळ बदललेली असल्यामुळे येते. वाड्यातल्या गावांच्या ओळी येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण गावाचा पालक अजूनही वाडाच आहे.

पण शोध जलद व्हावा म्हणून घेणाऱ्या प्रणालीत अनेकदा प्रत्येक नोडचा पूर्ण मार्गही साठवलेला असतो. सोयीसाठी महाराष्ट्राचा कोड 1, ठाण्याचा 10, पालघर जिल्ह्याचा 20, वाड्याचा 35 आणि त्यातल्या एका गावाचा 900 धरू. गावाचा मार्ग `/1/10/35/900/` होता, तो आता `/1/20/35/900/` व्हायला हवा. गावाची ओळ फेरीत आलीच नाही, तर तो तसाच राहतो. परिणामी एकाच गावाची दोन उत्तरे मिळतात : पालकामागून पालक चढत गेले तर पालघर, साठवलेला मार्ग वाचला तर ठाणे. वरच्या नोडवरून खाली अधिकार उतरत असतील, तर जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयाला ते गाव दिसतच राहते. ही चूक लवकर कोणाच्या लक्षात येत नाही, कारण कुठलाही एरर येत नाही.

त्यासाठी मार्ग हा आलेल्या माहितीचा भाग न मानता पालकांवरून काढायची गोष्ट मानावी, आणि नोड हलला की त्याच्या सगळ्या फांदीचा मार्ग त्याच व्यवहारात नव्याने लिहावा. तपासणीसाठी एवढी क्वेरी पुरते :

```sql
SELECT c.code
FROM node c JOIN node p ON c.parent_code = p.code
WHERE c.path <> p.path || c.code || '/';
```

ही क्वेरी वाचताना एक खुबी लक्षात ठेवावी. फांदीतला एकही मार्ग दुरुस्त झालेला नसेल, तर ती फक्त वाडा दाखवते. गावांचे मार्ग वाड्याच्या जुन्या मार्गाशी अजून जुळत असतात. म्हणजे दिसणारी ओळ ही बिघाडाची वरची कड असते. त्याखालची सगळी फांदी दुरुस्त करावी लागते. दुरुस्तीत `LIKE '/1/10/35/%'` असे लिहावे. शेवटची तिरकी रेघ विसरली तर 350 किंवा 351 कोडचे तालुकेही पकडीत येतात.

बदल कोणत्या क्रमाने लावायचे

मूळ प्रणालीकडून ओळी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. वाडा आधी आणि पालघर जिल्हा नंतर आला, तर वाड्याचा नवा पालक अजून अस्तित्वातच नसतो आणि फॉरेन की तो बदल नाकारते. सगळ्या ओळी आधी एका तात्पुरत्या टेबलात उतरवून घेतल्या की हा प्रश्न मिटतो.

पालक आणि मूल यांची अदलाबदल होते, तेव्हा मात्र क्रमाचा खरा कस लागतो. समजा, एका कंपनीत ‘ग्राहक सेवा’ हा विभाग ‘विक्री’खाली होता. फेरबदलात ग्राहक सेवा थेट कंपनीखाली आली आणि विक्री तिच्याखाली गेली. विक्रीचा बदल आधी लावला, तर त्या क्षणी विक्रीची पालक ग्राहक सेवा आणि ग्राहक सेवेची पालक विक्री असे चक्र तयार होते. दोन्ही ओळी हजर असल्यामुळे फॉरेन कीला त्यात काही वावगे दिसत नाही. फांदी मुळापासून तुटून पडद्यावरून गायब होते आणि पालक शोधत वर जाणारी क्वेरी गोल गोल फिरत राहते. चक्र तपासणारी प्रणाली असेल तर ती हा बदल सरळ नाकारते.

यावर खात्रीचा उपाय आहे : नव्या झाडातल्या खोलीप्रमाणे, वरून खाली बदल लावायचे. एखादा नोड हलवायची वेळ येते, तेव्हा त्याचा नवा पालक आणि त्या पालकाचे सगळे पूर्वज आपापल्या अंतिम जागी बसलेले असतात. अंतिम झाडात तो नोड आपल्याच पूर्वजांच्या वर असूच शकत नाही, म्हणून मधल्या कोणत्याही टप्प्यावर चक्र होत नाही. घेणारी प्रणाली एपीआयवर एकेक बदल घेत असेल आणि सगळे एकाच व्यवहारात बांधता येत नसेल, तर हा क्रम पाळण्याला पर्याय नाही.

```sql
WITH RECURSIVE t AS (
  SELECT code, parent_code, 1 AS depth
  FROM staging WHERE parent_code IS NULL
  UNION ALL
  SELECT s.code, s.parent_code, t.depth + 1
  FROM staging s JOIN t ON s.parent_code = t.code
)
SELECT code, parent_code, depth FROM t ORDER BY depth;
```

इथे `staging`मध्ये नवे झाड पूर्ण असायला हवे. फक्त बदललेल्या ओळी आल्या असतील, तर त्या आधी जुन्या प्रतीवर चढवून घ्याव्यात. मुळापासून ज्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, ते नोड या उत्तरात येतच नाहीत. मग त्यांचा पालक हरवलेला असो वा ते चक्रात अडकलेले असोत. म्हणून उत्तरातल्या ओळी `staging`मधल्या ओळींपेक्षा कमी भरल्या, तर मूळ माहितीच बिघडलेली आहे आणि काही लिहिण्याआधीच थांबायला हवे.

काढून टाकण्याचे काम सगळ्यांत शेवटी आणि खालून वर करावे. विक्री विभाग मोडून त्याचे उपविभाग दुसरीकडे नेले असतील आणि विक्री आधी काढली, तर `ON DELETE CASCADE` असलेल्या टेबलात ते उपविभागही पुसले जातात.

दिसला नाही म्हणजे गेला, असे नाही

काही प्रणाली पूर्ण यादी देत नाहीत; एका पालकाची मुले विचारत विचारत झाड वाचावे लागते. ठाण्याची मुले वाचून झाली, पालघरची अजून वाचायची आहेत आणि नेमका तेवढ्यात एखादा तालुका पालघरहून ठाण्याकडे वळवला, तर तो कोणत्याच यादीत सापडत नाही. मूळ ठिकाणी तो शाबूत असतो, पण सिंक त्याला मेला समजते. वाचन एकाच स्नॅपशॉटवरून करता आले तर उत्तम. नसेल, तर न दिसलेल्या नोडवर फक्त खूण करावी आणि लागोपाठच्या दुसऱ्या पूर्ण फेरीतही तो दिसला नाही, तरच काढावा.

फक्त ठाणे जिल्ह्याचीच प्रत ठेवणाऱ्या प्रणालीत याची उलट बाजू दिसते. वाडा नष्ट झालेला नाही, पण तिच्या हद्दीबाहेर गेला आहे. त्याच्या ओळीत पालक 20 येतो आणि तो इथे नसतो. अशी ओळ चुकीची म्हणून बाजूला टाकली, तर वाडा कायम ठाण्यातच राहतो. ‘नष्ट’ आणि ‘हद्दीबाहेर’ या दोन वेगळ्या अवस्था ठेवाव्यात.

तारखेसह पालक

पालकाचा रकाना बदलून टाकला की जुने नाते पुसले जाते, आणि जुन्या आकडेवारीला ते हवे असते. २०११च्या जनगणनेत वाडा ठाण्यात मोजला गेला. आजच्या पालकांवरून त्या वर्षाची बेरीज केली, तर ठाणे जिल्ह्याचा आकडा छापील आकड्याशी जुळणार नाही आणि तेव्हा नसलेल्या पालघरची लोकसंख्या मात्र निघेल. ज्या रचनांवर आकडेवारी बसते, तिथे नाते वेगळ्या टेबलात तारखांसह ठेवतात : वाडा–ठाणे ३१ जुलै २०१४पर्यंत, वाडा–पालघर १ ऑगस्ट २०१४पासून. त्यात सिंक झाल्याची तारीख भरू नये. फेरी काही दिवस उशिरा झाली, तर मधल्या दिवसांचे अर्ज जुन्या जिल्ह्याच्या नावावर मोडतात. बदल अमलात आल्याची तारीख मूळ यंत्रणेकडूनच घ्यावी लागते, आणि ती देण्याची सोय तिथे नसेल तर हाताने भरण्यासाठी रकाना ठेवावा लागतो.