सरंजाम म्हणजे जमिनीची मालकी नव्हे

‘आमच्या गावचा सरंजाम पणजोबांच्या नावे होता. मग सगळी जमीन आमचीच होती ना?’

नाही. मराठेशाहीतल्या सरंजामात जमीन नव्हे, तर गावाचा सरकारी वसूल लावून दिलेला असे, तोही फौज बाळगण्यासाठी. तापीकाठची काळी कसणारा कुणबी आपल्या जागीच राही आणि पाटलाचं वतनही वेगळंच असे.

सनदेसोबत तैनातीचा हिशेब ठरे. समजा, वसूल ३,००० रुपये आणि एका स्वाराला वर्षाला ३०० धरले, तर सरदाराचा स्वतःचा खर्च म्हणून ६०० वजा करून आठ स्वार हजर ठेवायचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिराला घोडा मिळे.

गोम हजेरीत होती. चार घोडे पोसायचे आणि हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याचे उसने आणून आठ दाखवायचे. म्हणून कारकून घोड्याचा रंग, खुणा लिहून ठेवी. त्याच खुणांचा घोडा दोन सरदारांच्या यादीत निघाला की चोरी उघडी. मग वसुलाला कात्री लागे, कधी सरंजामच जप्त होई.

स्वारांच्या शिक्षणासाठी वेगळी शाळा नव्हती. पोरं घरच्या तट्टावर मांड बसवत, मग भाला नि पट्टा. दसऱ्याला स्वारी निघे, पावसाळ्यात छावणी. तेव्हा कडबा नि दाणा कमी पडला की घोडा खंगे आणि पुढची हजेरी हुके.

मुलाला सरंजाम चाले, पण नव्या सनदेनं. १८१८ नंतर फौजेची गरज संपली, तेव्हा इंग्रजांनी कित्येक सरंजाम परत घेतले ते याच मुद्द्यावर. घरात सनद असेल तर ‘सरंजाम’ लिहिलंय की ‘इनाम’, ते आधी पाहा.